लाडू कुठे हुडकेल? लहान मुलांना दुसऱ्याची चुकीची समजूत कधी कळू लागते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘थिअरी ऑफ माइंड’ म्हणजे नेमके काय?

समोरच्या माणसाला त्याचे स्वतःचे मन आहे, त्या मनात त्याच्या स्वतःच्या इच्छा, माहिती आणि समजुती आहेत आणि तो त्या समजुतींप्रमाणे वागतो, ही जाण म्हणजे थिअरी ऑफ माइंड. मोठ्या माणसांना ती इतकी सवयीची झालेली असते की ती कधीतरी शिकावी लागली असेल, असे मनातही येत नाही. ती नसताना काय होते, हे पाहायचे असेल तर दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांशी फोनवर बोलणारे साडेतीन वर्षांचे लेकरू पाहावे. बीड जिल्ह्यातल्या वस्तीवर आजीजवळ राहिलेले असे लेकरू साध्या फोनवर बोलताना कुत्र्याचे पिलू वर उचलून “आई, हे बघ” म्हणते. आई “जेवलास का रे?” असे विचारते, तेव्हा नुसती मान हलवते आणि आई पुन्हा तेच का विचारते म्हणून चिडते. आपल्याला दिसते ते आईला दिसत नाही, हे त्याच्या हिशेबात अजून पुरते आलेले नसते.

या प्रश्नोत्तरांत थिअरी ऑफ माइंडचा एकच भाग घेतला आहे, कारण त्यावर सर्वांत जास्त काम झाले आहे आणि तो घरीही पाहता येतो. तो भाग असा: दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते आणि तरीही तो तिच्याचप्रमाणे वागेल, हे मुलाला कधी आणि कसे कळते?

चुकीच्या समजुतीलाच एवढे महत्त्व का दिले जाते? खरी समजूत ओळखणे पुरेसे नाही का?

समजा, पेरू टोपल्यात आहे आणि ताईलाही तो टोपल्यातच आहे असे वाटते. “ताई पेरू कुठे शोधेल?” असे विचारल्यावर मुलाने “टोपल्यात” असे सांगितले, तर त्याने ताईच्या मनाचा विचार केला की पेरू जिथे आहे ती जागा सांगून टाकली, हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही, कारण दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते. ताईची समजूत आणि खरी परिस्थिती यांची फारकत झाली, तरच उत्तरावरून काही कळू शकते.

ही अडचण पहिल्यांदा चिंपांझींच्या निमित्ताने चर्चेत आली. 1978 साली डेव्हिड प्रिमॅक आणि गाय वुडरफ यांनी चिंपांझीला थिअरी ऑफ माइंड असते का, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला आणि त्याला उत्तर देताना डॅनियल डेनेट यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी नेमकी हीच त्रुटी दाखवली. त्यातून धागा घेऊन हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या दोघांनी 1983 मध्ये मुलांसाठी एक गोष्ट रचली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या पाठीमागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते आणि मग मॅक्सी परत येतो. तो चॉकलेट कुठे शोधेल? त्यांच्या पाहणीत तीन ते चार वर्षांच्या एकाही मुलाला बरोबर उत्तर देता आले नाही, चार ते सहा वर्षांच्या गटात 57 टक्के मुलांना ते आले आणि सहा ते नऊ वर्षांच्या गटात 86 टक्क्यांना. गोष्ट बरीच लांब होती, त्यामुळे पुढे ती सोपी केल्यावर हे वय खाली आले. पण गोष्टीचा सांगाडा आजही तोच आहे.

हे प्रत्यक्ष कसे करतात? आपल्याकडच्या मुलांबरोबरचे एखादे उदाहरण सांगाल का?

परभणी जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत मी हा खेळ अनेकदा केला आहे. साहित्य अगदी साधे लागते: चिंध्यांच्या दोन बाहुल्या, एक दुरडी, झाकणाचा एक स्टीलचा डबा आणि शेंगदाण्याचा एक लाडू. एका बाहुलीचे नाव बबी आणि दुसरी तिची आज्जी. मूल माझ्यासमोर बसते आणि मी बोलत बोलत गोष्ट करून दाखवते.

बबीने लाडू दुरडीत ठेवला, वर फडके टाकले आणि ती पाण्याला गेली. (बबी खरोखरच दाराबाहेर नेऊन ठेवायची, नुसती पाठमोरी करून चालत नाही, कारण लहान मुलांना पाठमोरी बाहुली जवळच आहे असे वाटत राहते.) आज्जी आली, दुरडीला मुंग्या लागलेल्या दिसल्या, म्हणून तिने लाडू काढून डब्यात ठेवला आणि झाकण लावले. आता बबी पाणी घेऊन परत येते आहे आणि तिला भूक लागली आहे. इथे थांबून विचारायचे: “बबी लाडू आधी कुठं हुडकंल?” मग आणखी दोन प्रश्न: “आता लाडू खरंच कुठं आहे?” आणि “बबीनं लाडू ठेवला होता तो कुठं?”

तीन वर्षे पाच महिन्यांच्या एका मुलीने पहिल्या प्रश्नाला क्षणाचाही विलंब न लावता “डब्यात” असे उत्तर दिले. पुढचे दोन्ही प्रश्न तिने अचूक सोडवले: लाडू आता डब्यात आहे आणि बबीने तो दुरडीत ठेवला होता. मी विचारले, “मग बबी डब्यात का हुडकंल?” तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि म्हणाली, “दुरडीत मुंग्या लागतेत ना.” कारण बरोबर होते, पण ते आज्जीचे कारण होते. मुंग्या आल्या तेव्हा बबी तिथे नव्हती, ही गोष्ट तिला ठाऊक होती आणि तरीही ती उत्तरात कुठेच उतरत नव्हती.

तिच्यानंतर पावणेपाच वर्षांचा एक मुलगा बसला. त्याने “दुरडीत” असे सांगितले आणि कारण विचारल्यावर म्हणाला, “तिला कुठं ठावं हाय? ती तर पाण्याला गेलती.” मग स्वतःच हसत पुढे म्हणाला, “तिला घावायचा न्हाई.” हे हसणे मला उत्तराइतकेच महत्त्वाचे वाटते. बबी फसणार, हे त्याला दिसत होते.

या दोघांच्या मध्ये बसणारी मुलेही असतात. चार वर्षांच्या आसपासची एक मुलगी प्रश्न ऐकताच दुरडीकडे पाहू लागली, तिची बोटेही तिकडे वळली आणि मग ती ठामपणे म्हणाली, “डब्यात.” वेन्डी क्लेमेंट्स आणि पेर्नर यांनी 1994 मध्ये हेच नोंदवले होते: तिसरे वर्ष संपता संपता अनेक मुलांची नजर बरोबर जागी जाऊ लागते, मात्र तोंडी उत्तर चुकीचेच येते. नजरेला जे उमगते, ते शब्दात यायला आणखी काही महिने लागतात.

मूल चुकते ते गोष्ट नीट ऐकली नाही किंवा विसरले म्हणून, असे नसेल का?

पहिल्या प्रश्नानंतरचे दोन प्रश्न याच शंकेसाठी असतात. ज्या मुलाला लाडू आधी कुठे होता आणि आता कुठे आहे हे दोन्ही सांगता येते, त्याची आठवण आणि लक्ष शाबूत आहे. त्याचे घोडे अडते ते बबीच्या मनापाशी. या दोहोंपैकी एखादा प्रश्न मूल चुकले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर असो वा चूक, ते मोजायचे नाही. नवशिके लोक नेमकी इथेच गडबड करतात. एखादे मूल “दुरडीत” असे सांगते आणि सगळे खूश होतात. पण लाडू आता कुठे आहे असे विचारल्यावरही ते “दुरडीत” असेच म्हणते, कारण आज्जीने लाडू हलवला तेव्हा ते खिडकीतून बाहेरच्या शेळीकडे पाहत होते.

दुसरा एक खेळ या शंकेचे आणखी चांगले निरसन करतो, कारण त्यात गोष्ट लक्षात ठेवायची नसते. काडेपेटी दाखवून “यात काय आहे?” असे विचारायचे. मूल “काड्या” म्हणते. पेटी उघडली की आत चिंचोके निघतात. पेटी पुन्हा बंद करून विचारायचे: “उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं, यात काय आहे?” तीन-साडेतीन वर्षांची पुष्कळ मुले शांतपणे “चिंचोके” असे सांगतात. अर्ध्या मिनिटापूर्वी स्वतःच “काड्या” म्हटले होते, हे त्यांना नाकारायचे नसते. आपली आधीची समजूत आणि आताची माहिती ही वेगवेगळी असू शकतात, हेच त्यांना अजून धरता येत नाही. चॉकलेटच्या गोळ्यांच्या डबीत पेन्सिली भरून पेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये हा प्रयोग केला आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅलिसन गॉपनिक आणि जॅनेट अ‍ॅस्टिंग्टन यांनी मुलांना त्यांच्या स्वतःच्या आधीच्या समजुतीविषयी विचारले. दुसऱ्याच्या चुकीच्या समजुतीचा प्रश्न आणि स्वतःच्या चुकीच्या समजुतीचा प्रश्न मुलांना साधारण सारख्याच वयात अवघड जातो, असे त्यातून दिसले. म्हणजे “मूल फक्त स्वतःचाच विचार करते” हे आपले नेहमीचे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. त्याला स्वतःच्या मनातला कालचा विचारही तितकाच परका असतो.

मराठीत प्रश्न विचारताना काय सांभाळावे?

या प्रश्नाला मी थोडी जास्त जागा देते, कारण मुलांच्या चुका म्हणून नोंदवलेल्या कित्येक गोष्टी विचारणाऱ्याच्या वाक्यातून आलेल्या मी पाहिल्या आहेत.

पहिली गोम “पाहिजे” या शब्दात आहे. “बबीने लाडू कुठे बघायला पाहिजे?” असे विचारले, तर डब्यात हेच शहाणे उत्तर आहे, कारण लाडू हवा असेल तर तिने तिथेच बघायला पाहिजे. मूल इथे सल्ला देते आणि आपण त्याला नापास करतो. “कुठे बघेल” किंवा आपल्याकडच्या बोलीत “कुठं हुडकंल” असा साधा भविष्यकाळच हवा.

दुसरी गोष्ट अशी की मराठीत कर्ता गाळता येतो आणि आपण तो सर्रास गाळतो. “मग लाडू कुठे हुडकायचा?” हा प्रश्न बबीविषयी आहे की समोर बसलेल्या लेकराविषयी? लेकराला तो स्वतःविषयी वाटला तर “डब्यात” हेच उत्तर बरोबर. म्हणून प्रत्येक वेळी “बबी” हा शब्द उच्चारायचा, मग तो कितीही पुनरुक्तीसारखा वाटो. “लाडू कुठे असेल?” हा प्रश्नही टाळावा, तो बबीच्या मनाविषयी नसून लाडवाविषयीच आहे.

“आधी” हा शब्द मात्र जरूर घालावा. मायकेल सीगल आणि कॅरन बीटी यांनी 1991 मध्ये दाखवले की “कुठे शोधेल” याऐवजी “सर्वांत आधी कुठे शोधेल” असे विचारले, तर तीन वर्षांच्या मुलांची उत्तरे सुधारतात. मुलाला “शेवटी कुठे सापडेल” असा अर्थ लागण्याची शक्यता त्या शब्दाने कमी होते. मात्र सगळी अडचण एका शब्दाने सुटते असे कोणी समजू नये. अगदी लहान मुलांवर त्याचा परिणाम फारसा होत नाही.

आणखी एक उपाय मला उपयोगी पडला आहे. आज्जीने लाडू डब्यात ठेवण्याऐवजी खाऊनच टाकला, अशी गोष्ट केली की काही मुले, जी एरवी “डब्यात” म्हणतात, ती “दुरडीत” असे बरोबर सांगतात. डोळ्यांसमोर असलेला खरा लाडू मुलाचे मन ओढून घेतो आणि तो नाहीसा झाला की ओढ कमी होते. अभ्यासांमध्येही वस्तू समोर नसली की मुलांची कामगिरी सुधारते असे आढळले आहे. यावरून असेही म्हणता येते की मुलाच्या चुकीत काही वाटा समजुतीचा असतो आणि काही वाटा माहीत असलेले उत्तर जिभेवरून मागे खेचण्याच्या अडचणीचा. या दोहोंत कोणता वाटा किती, यावर संशोधकांमध्ये अजूनही वाद आहे.

आणि मोठ्या माणसांना खोलीबाहेर बसवावे. माझ्या पहिल्या दोन दिवसांची नोंद मला फाडून टाकावी लागली, कारण मागे बसलेल्या एका आजीबाईंना राहवेना आणि त्या प्रत्येक लेकराला “अगं, दुरडीत ना!” असे कुजबुजत होत्या.

एकदा बरोबर उत्तर आले, म्हणजे मुलाला कळले असे समजायचे का?

नाही. जागा दोनच आहेत, त्यामुळे डोळे झाकून उत्तर दिले तरी निम्म्या वेळा ते बरोबर येईल. वेगवेगळ्या वस्तू आणि वेगवेगळ्या जागा घेऊन, दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा विचारावे आणि दर वेळी कारणही विचारावे.

याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र मजेची आहे. साडेतीन वर्षांच्या आतली मुले अंदाजपंचे उत्तर देत असती, तर ती निम्म्या वेळा तरी बरोबर आली असती. ती निम्म्याहून खूप जास्त वेळा चुकतात आणि ठामपणे चुकतात. म्हणजे त्यांच्याकडे नियम असतो, फक्त तो आपला नसतो: वस्तू जिथे आहे, तिथे माणूस जाईल.

हे साधारण कोणत्या वयात कळते आणि आपल्या भागातल्या मुलांना ते उशिरा कळते का?

हेन्री वेलमन, डेव्हिड क्रॉस आणि ज्युलॅन वॉटसन यांनी 2001 मध्ये 178 अभ्यास एकत्र तपासले. त्यांच्या हिशेबात सुमारे 44 महिन्यांच्या वयाला, म्हणजे पावणेचार वर्षांच्या जरा अलीकडे, निम्मी उत्तरे बरोबर येतात. त्याआधी चुका जास्त आणि त्यानंतर बरोबर उत्तरे जास्त. देशादेशांत हे वय पुढेमागे होते, पण चढण तीच राहते. 2005 मध्ये तारा कॅलघन आणि सहकाऱ्यांनी कॅनडा, पेरू, सामोआ, थायलंड आणि भारत अशा पाच ठिकाणी एकच खेळ घेतला, तेव्हा सगळीकडे तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान मुले चुकीकडून बरोबर उत्तराकडे वळताना दिसली. तेव्हा “खेड्यातल्या लेकरांना हे उशिरा समजते” असे म्हणायला आधार नाही. अंगणवाडीतल्या एका मुलाला ते चौथ्या वाढदिवसाआधी कळते आणि शेजारच्याला पाचव्याच्या तोंडावर; एवढे अंतर एकाच वस्तीत सापडते.

फरक पडतो तो आधीच्या पायऱ्यांच्या क्रमात. चुकीच्या समजुतीच्या आधी मुलाला तीन गोष्टी कळतात. एक, दुसऱ्याची आवड वेगळी असू शकते. दीड वर्षाचे मूलसुद्धा स्वतःला न आवडणारा पदार्थ समोरच्याला आवडतो असे पाहिले की तोच त्याच्या हातात देते, हे 1997 मध्ये बेटी रेपाकोली आणि गॉपनिक यांनी दाखवले. दोन, एकाच गोष्टीविषयी दोन माणसांची मते वेगळी असू शकतात. तीन, ज्याने पाहिले नाही त्याला माहीत नसते. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांना दुसरी पायरी तिसरीच्या आधी येते, तर चीन आणि इराणमधल्या मुलांना तिसरी आधी. एक स्पष्टीकरण असे दिले जाते की ज्या घरांत “तुला काय वाटतं?” यापेक्षा “तुला माहीत आहे का?” हा प्रश्न जास्त ऐकू येतो, तिथे माहिती असणे-नसणे आधी उमगते. आपल्या घरांत कोणता प्रश्न जास्त ऐकू येतो, हे वाचकांनी एक दिवस कान देऊन पाहावे. माझा अंदाज मी सांगत नाही.

पंधरा महिन्यांच्या बाळांनाही हे कळते, असे वाचले होते. ते खरे आहे का?

2005 मध्ये क्रिस्टीन ओनिशी आणि रेने बॅयार्जों यांनी पंधरा महिन्यांची बाळे किती वेळ टक लावून पाहतात हे मोजले. माणूस त्याच्या चुकीच्या समजुतीच्या विरुद्ध वागला की बाळे जास्त वेळ पाहत राहिली, म्हणून त्यांना ते अनपेक्षित वाटले असावे, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर असे बरेच प्रयोग झाले, पण त्यांपैकी पुष्कळ पुन्हा करून पाहिल्यावर तसाच निकाल मिळाला नाही. मला सावध राहणे योग्य वाटते. बाळाची नजर कशात तरी फरक ओळखते, इतके मानायला हरकत नाही. तो फरक समजुतीचा असतो, हे अजून सिद्ध झालेले नाही.

घरातले वातावरण आणि भाषा यांचा यात काही वाटा असतो का?

असतो, आणि भाषेचा तर मोठाच असतो. सर्वांत ठळक पुरावा कर्णबधिर मुलांचा आहे. ज्यांचे आईवडील स्वतः सराईतपणे खुणांची भाषा बोलतात, ती कर्णबधिर मुले इतर मुलांच्याच वयात हा खेळ सोडवतात. पण ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरी, मनातले काही सांगण्याएवढी भाषा न मिळता वाढलेल्या कर्णबधिर मुलांना कित्येक वर्षे जास्त लागतात. बुद्धी तीच असते. मनाविषयीच्या बोलण्यात सामील होण्याची संधी मात्र मिळालेली नसते.

हायडेमारी लोमन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2003 मध्ये तीन वर्षांच्या मुलांना दिसायला एक आणि असायला दुसऱ्या अशा फसव्या वस्तू दाखवल्या. वस्तू नुसत्या दाखवून फारसा फरक पडला नाही. “आधी तुला काय वाटलं होतं, आणि आता काय आहे” असे त्यांवर बोलणे झाले, तेव्हा मात्र मुलांची उत्तरे सुधारली. मराठीत या बोलण्याला सोयीचे शब्द आहेत. “मला वाटलं, मामा आला” असे आपण म्हणतो, तेव्हा मामा आलेला नाही हे “वाटलं” या एका शब्दातच ऐकणाऱ्याला कळते. “मला कळलं, मामा आला” असे म्हटले की तो आलेला असतो. “म्हणे” हा शब्दही तसाच आहे. “गुरुवारी बाजार भरणार म्हणे” यात बातमी दुसऱ्याची आहे आणि ती खरी असल्याची जबाबदारी माझी नाही, हे दोन अक्षरांत येते. लेकरे हे शब्द रोज ऐकतात. घरातल्या मोठ्यांनी स्वतःच्या फसगती त्यांच्यासमोर मोठ्याने सांगितल्या, उदाहरणार्थ “मला वाटलं किल्ली देवळीत आहे, म्हणून मी तिथं हुडकत बसले, ती होती तुझ्या आबाच्या खिशात”, तर चुकीच्या समजुतीची एक पूर्ण गोष्ट मुलाला फुकट मिळते.

भावंडांचा फायदा होतो, असे पेर्नर आणि सहकाऱ्यांना 1994 मध्ये इंग्लंडमध्ये आढळले. पुढच्या अभ्यासांत चित्र तितके सरळ राहिले नाही. क्रीट आणि सायप्रसमध्ये थोरली भावंडे आणि घरातली मोठी माणसे यांचा सहवास जास्त मोलाचा दिसला. चुलत-आते भावंडांनी भरलेल्या आपल्या घरांना हे जवळचे वाटेल, पण नुसती माणसे जास्त असून भागत नाही. मुलाशी कोणी बोलते का, हे पाहावे लागते.

मूल खोटे बोलायला लागले, हे याच बदलाचे लक्षण आहे का?

बऱ्याच अंशी. तीन वर्षांचे मूलही “मी न्हाई खाल्ला” असे म्हणते, पण ओठांवर गूळ असतो आणि तो पुसावा हे त्याला सुचत नाही. चुकीच्या समजुतीचा खेळ जमू लागला की तोंड पुसून, मांजराचे नाव पुढे करून खोटे बोलले जाते. शिक्षा करावी की नाही हा घरचा प्रश्न आहे. वाढीच्या दृष्टीने ते मूल पुढे गेले आहे.

पाच वर्षांचे मूल यात चुकले, तर ते स्वमग्नतेचे लक्षण समजावे का?

केवळ यावरून नाही. हा गैरसमज 1985 च्या एका गाजलेल्या अभ्यासातून पसरला आहे. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी सॅली आणि अ‍ॅन या दोन बाहुल्यांचा असाच खेळ घेतला, तेव्हा स्वमग्न असलेल्या 20 मुलांपैकी 16 चुकली, तर डाऊन सिंड्रोम असलेल्या 14 मुलांपैकी 12 आणि सर्वसाधारण वाढीच्या 27 पैकी 23 मुलांनी बरोबर उत्तर दिले. बौद्धिक वय हे याचे कारण नाही, हे डाऊन सिंड्रोमच्या मुलांमुळे स्पष्ट झाले. पण आकडे उलट बाजूनेही वाचावे लागतात: चार स्वमग्न मुलांना तो जमला आणि चार सर्वसाधारण मुलांना जमला नाही. शिवाय भाषा चांगली असलेली अनेक स्वमग्न मुले पुढे हा खेळ सोडवू लागतात आणि ऐकण्याची किंवा भाषेची अडचण असलेली मुले स्वमग्न नसूनही त्यात अडकतात. निदान करण्याचे साधन म्हणून तो कधीच बनवलेला नव्हता.

पाच वर्षांचे मूल लाडू आता कुठे आहे आणि आधी कुठे होता, हे साधे प्रश्नही पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर मात्र आधी कान आणि भाषा तपासून घ्यावी. नावाने हाक मारल्यावर न पाहणे, बोट दाखवून काही न दाखवणे, खोटा-खोटा खेळ न खेळणे, अशा गोष्टी तर याहून खूप आधी, दुसऱ्या वर्षातच ध्यानात येतात आणि त्यांसाठी लाडवाच्या खेळाची वाट पाहत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, तेव्हा ताईंमार्फत हे सांगता येते आणि तिथून पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले जाते.

हे एकदा कळले की थिअरी ऑफ माइंड पूर्ण होते का?

होत नाही, पुढची पायरी म्हणजे समजुतीविषयीची समजूत. पेर्नर आणि विमर यांनी 1985 मध्ये दाखवले की एका माणसाला दुसऱ्याच्या मनाविषयी काय वाटते, हे मुलांना साधारण सहा-सात वर्षांच्या पुढेच सांगता येते. मी तोच पावणेपाच वर्षांचा मुलगा पुन्हा बसवला आणि गोष्टीत एवढाच बदल केला की आज्जी लाडू डब्यात ठेवत असताना बबीने ते खिडकीतून हळूच पाहिले आणि आज्जीला त्याचा पत्ता नव्हता. मग विचारले, “आज्जीला काय वाटतं, बबी लाडू आधी कुठं हुडकंल?” तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “डब्यात.” “का रे?” “तिनं बघितलंय ना खिडकीतनं,” तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे अगदी त्या मुंग्यांवाल्या मुलीसारखेच पाहिले.